हत्ती, येणे बाकी

गेल्या महिन्यात आमच्या मोहल्ल्यातली चार-पाच कॉलेजची मुले एक वही घेऊन आमच्याकडे आली. ईद मिलनच्या कार्यक्रमात त्यांना आठ मिनिटांची एक फिल्म दाखवायची होती. विषय होता, स्वतःला भलताच गंभीरपणे घेणारा गल्लीतला एक बुद्धिबळ क्लब. सभासद सात आणि सातही पदाधिकारी. मुले म्हणाली, "चाचा, विनोदी लिहिले आहे, पण हसू येत नाही. जरा बघता का?"

आम्ही वही ठेवून घेतली, पण मनात एक धास्ती होती. आमच्या मोहल्ल्यात बंद पडलेल्या एका दुकानाच्या ओट्यावर रोज संध्याकाळी खरेच बुद्धिबळाचा डाव बसतो. तिथली वयस्क मंडळी कार्यक्रमात पहिल्या रांगेत असणार. फिल्म त्यांच्याच डोळ्यांसमोर चालायची होती.

मुलांनी निवडलेला प्रकार नवा नाही. तो असतो खोटा माहितीपट. गोष्ट बनावट, पण मांडणी अगदी खऱ्या माहितीपटासारखी. माणसे खुर्चीत बसून कॅमेऱ्यापुढे मुलाखत देतात, खाली नाव आणि हुद्द्याची पट्टी येते, मध्येच दुसरे एखादे दृश्य येऊन जाते. १९८४ साली रॉब रायनर या दिग्दर्शकाने एका काल्पनिक रॉक बँडवर असा चित्रपट केला आणि हा प्रकार गाजला. २००१ साली सुरू झालेल्या 'द ऑफिस' या ब्रिटिश मालिकेने तो घरोघर नेला. मुलांनी ती मालिका मोबाइलवर पाहिली होती. त्यांना वाटले, माणसे कॅमेऱ्यापुढे बसवली आणि विनोद सांगायला लावले की झाले.

वहीतली पहिली चूक हीच होती. त्यांच्या क्लबचा सचिव म्हणत होता, "उंट तिरका चालतो, अगदी आमच्या खजिनदारासारखा!" आम्ही त्या ओळीवर काट मारली. या प्रकारात कोणीही विनोद करत नाही. आपण हास्यास्पद आहोत हे त्या माणसाला ठाऊकच नसते. त्याच्या दृष्टीने क्लब ही जगातली सर्वांत महत्त्वाची संस्था असते आणि तो कळकळीने, जबाबदारीने बोलत असतो. तो स्वतःच हसवायला लागला की प्रेक्षकांना काही काम उरत नाही.

दुसरी चूक जरा बारीक होती. वहीत सचिव सांगतो, "आमचा एक हत्ती हरवला, म्हणून त्या जागी आम्ही दोऱ्याची रीळ ठेवतो." कल्पना छान होती, पण ती तोंडाने सांगून टाकली होती. आम्ही मुलांना म्हटले, सचिवाला उलटे बोलू द्या. तो ताठ बसून सांगेल, "आमचा संच पूर्ण आहे. बत्तीसच्या बत्तीस मोहरे. दर महिन्याला मोजणी होते." वाक्य संपले की लगेच पट दाखवायचा. कोपऱ्यात हत्तीच्या घरात पांढऱ्या दोऱ्याची रीळ उभी. तीन सेकंद, मग परत सचिवाचा चेहरा. रिळीबद्दल कोणी एक शब्दही काढायचा नाही. मधल्या तुकड्याचे काम इतकेच, की माणूस जे म्हणाला ते खोटे पाडायचे, आणि तेही न बोलता. त्या तुकड्यात संवाद आला किंवा तो लांबला, तर पाहणाऱ्याला आपण काही पकडल्याची मजा मिळत नाही.

मग प्रत्यक्ष चित्रणाचा प्रश्न आला. मोबाइल आडवा धरून पुस्तकांच्या थप्पीला टेकवायचा, पंखा बंद ठेवायचा. प्रश्न विचारणारा मुलगा कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी बसेल आणि बोलणारा त्याच्याकडे बघेल. थेट कॅमेऱ्यात बघायचे ते एकदाच, जेव्हा माणूस पकडला जातो तेव्हा. प्रश्न नंतर कापला जातो, म्हणून उत्तर स्वतःच्या पायावर उभे राहिले पाहिजे. "हो, तीन वर्षे" यातून काही कळत नाही. "मी तीन वर्षे या क्लबचा पंच आहे" यातून कळते. आणि उत्तर संपले की कॅमेरा लगेच बंद करायचा नाही. चार सेकंद चालू ठेवायचा. गप्प बसलेल्या माणसाला ते चार सेकंद जड जातात. तो खाकरतो, टोपी सारखी करतो, आणि कधी कधी बोलायचे नव्हते तेच बोलून जातो.

आता मुख्य गोष्ट. मुलांच्या वहीत प्रसंग सुटे सुटे होते, त्यांना ओढून नेणारा धागा नव्हता. तो आम्हाला बुद्धिबळाच्याच एका जुन्या रीतीत सापडला. पूर्वी मोठ्या स्पर्धांतला डाव एका बैठकीत संपला नाही तर तहकूब होत असे. ज्याची पाळी असेल तो पुढची चाल पटावर न खेळता कागदावर लिहून पाकिटात बंद करी आणि पाकीट पंचांच्या हवाली करी. त्यामुळे रात्रभर विचार करण्याचा फायदा एकट्यालाच मिळत नसे. १९७२ साली फिशर आणि स्पास्की यांच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत शेवटचा डाव असाच तहकूब झाला. दुसऱ्या दिवशी स्पास्कीने फोनवरून हार कळवली आणि त्याची पाकिटातली चाल पटावर कधी आलीच नाही. पुढे संगणक इतके हुशार झाले की तहकूब डावाचे उत्तर रातोरात तेच शोधून देऊ लागले, तेव्हा ही रीत मोडीत निघाली. गल्लीतल्या आमच्या काल्पनिक क्लबने मात्र ती जिवापाड जपली आहे. त्यावरून मुलांनी पुन्हा लिहिले ते असे:

अध्यक्ष: "डाव चार महिन्यांपूर्वी तहकूब झाला. पांढऱ्याची चाल पाकिटात, पाकीट लोखंडी कपाटात. किल्ली फक्त माझ्याकडे असते."

(मधला तुकडा: कपाट. किल्ली कुलपातच लटकलेली.)

काळ्या मोहऱ्यांचा खेळाडू: "चार महिने मी रोज रात्री पटाचा विचार करतो. माझी बाजू भक्कम आहे. अल्हम्दुलिल्लाह, झोप येते."

(मधला तुकडा: रात्रीचे तीन. हाच माणूस अंधारात पटासमोर उभा.)

खजिनदार: "मध्यंतरी एका सभासदाच्या मुलाचा निकाह झाला. क्लबतर्फे १०१ रुपयांचे पाकीट दिले. मी स्वतः कपाटातून काढून दिले." (चार सेकंद शांतता.) "पाकिटे दोन होती." (तो कॅमेऱ्यात बघतो.)

नवरा मुलगा: "पाकिटात पैसे नव्हते. चिठ्ठी होती. 'हत्ती, ई ८', खाली सही. अब्बा म्हणाले, आहेराची किंमत बघू नये, देणाऱ्याची नियत बघावी."

(मधला तुकडा: आहेराची वही. 'स्टीलचा डबा, एक. चादर, एक. क्लबतर्फे हत्ती, येणे बाकी.')

मुलांना हा उलगडा शेवटी, धक्का म्हणून ठेवायचा होता. क्लब समारंभाने पाकीट उघडतो, आतून पैसे निघतात, मग खुलासा. आम्ही म्हटले, क्रम उलटा करा. पाकिटात काय आहे हे प्रेक्षकाला आधी कळू द्या, क्लबला नंतर. मग अध्यक्षांचे लांबलचक भाषण, पंचांनी कात्रीने कापलेली पाकिटाची कड, मागे भिंतीला चिकटून उभा असलेला खजिनदार, या साध्या गोष्टींनाच हसू येते. धक्का एकदाच बसतो. प्रेक्षकाला माहीत असलेले गुपित तीन मिनिटे पुरते. शेवटी पाकिटातून १०१ रुपये निघतात आणि पंच गंभीरपणे जाहीर करतात, "एकशे एक ही चाल नेमकी कोणत्या मोहऱ्याची, यावर समिती विचार करील. तोवर डाव तहकूब."

एक प्रसंग मात्र आम्ही हट्टाने काढायला लावला. बुद्धिबळात हात लावलेले मोहरे खेळावेच लागते. मुलांनी लिहिले होते की एका म्हाताऱ्या खेळाडूचा हात थरथरतो, तो भलत्याच मोहऱ्याला लागतो आणि वजीर जातो. हसू येईल, यात शंका नाही. पण ओट्यावरच्या एका चाचांचा हात खरेच थरथरतो. मुलांनी आमच्याकडे पाहिले, आम्ही मुलांकडे. शिक्का, हुद्दा, समिती, पाकीट या गोष्टी माणूस हौसेने अंगावर घेतो. त्यांवर हसले तर त्याच्या हौसेवर हसल्यासारखे होते. हात त्याने मागून घेतलेला नसतो. ती ओळ मुलांनी आमच्यासमोरच खोडली.

तरीही आम्ही सांगितले, दाखवण्याआधी वही ओट्यावर नेऊन वाचा. मुले घाबरत गेली, आम्ही मागून गेलो. वाचन झाले. कोणी हसले, कोणी अध्यक्षांच्या भाषणावर मान डोलावली, जणू ते खरेच होते. ते चाचा मात्र गप्प होते. मग ते म्हणाले, "यात चूक आहे."

आमच्या पोटात गोळा आला.

चाचांनी वहीतल्या चित्राप्रमाणे पट मांडला. काळा राजा जी ८ वर, त्याच्यापुढे तीन प्यादी, आणि एफ ६ वर काळा घोडा. "पांढऱ्याचा हत्ती ई ८ वर आला, तर तुम्ही लिहिता मात. पण हा घोडा काय झोपलाय? तो ई ८ वरचा हत्ती खातो." त्यांनी घोडा उचलला. हात थरथरत होता, कोणी बोलले नाही. घोडा त्यांनी सी ६ वर ठेवला. "आता ना घोडा हत्तीला पोहोचतो, ना मध्ये पडू शकतो. राजाला पुढे स्वतःचीच प्यादी आडवी. आता मात. लोकांना हसवायचे तर हसवा, पण पट खोटा मांडू नका."

मुलांनी वहीतले चित्र तिथेच दुरुस्त केले. कार्यक्रमाला तो पट पडद्यावर पाच सेकंदच दिसला. पहिल्या रांगेत बसलेल्या चाचांनी शेजाऱ्याला कोपर मारून त्या घोड्याकडे बोट दाखवले, आणि त्या पाच सेकंदांत हॉलमध्ये हसणारे ते एकटेच होते.