ताट बाजूला सारून महागाई मोजता येत नाही

गरिबाच्या घरात सर्वांत जास्त पैसा ज्यावर जातो, तेच महागाईच्या हिशेबातून वगळण्याचा घाट घातला जात आहे. जुलै २०२४ च्या आर्थिक पाहणीत भारत सरकारच्याच अर्थतज्ज्ञांनी सुचवले, की रिझर्व्ह बँकेच्या महागाईच्या लक्ष्यातून अन्न बाजूला काढण्याचा विचार व्हावा. आणि अन्न महागल्याने गरिबांचे हाल झाले, तर त्यांना थेट रक्कम किंवा कूपने द्यावीत. चार महिन्यांनी वाणिज्यमंत्री पीयूष गोयल यांनीही व्याजदर ठरवताना अन्नाच्या किमती धरू नयेत, असे मत जाहीरपणे मांडले. ऑगस्ट २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने चर्चापत्र काढून लोकांना विचारले, की लक्ष्य हेडलाइन महागाईचे असावे की कोअर महागाईचे? आमचे उत्तर असे, की कोअरला लक्ष्य करणे हा कोट्यवधी कुटुंबांवर उघड अन्याय आहे आणि तो होता कामा नये.

हेडलाइन म्हणजे ग्राहक किंमत निर्देशांकातली सगळी महागाई. त्यातून अन्न आणि इंधन काढले, की उरते ती कोअर. विश्लेषक असे का करतात, हे प्रथम नीट समजून घेऊ, कारण त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो वर्षभरापूर्वीच्या तुलनेत तिपटीने महागला. निर्देशांकात टोमॅटोचा भारांक अर्ध्या टक्क्याच्या थोडाच वर, तरीही त्या एका भाजीने महागाईत एक टक्क्याहून अधिक भर घातली. जूनमध्ये ४.८७ टक्के असलेला दर जुलैत ७.४४ वर गेला. रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५ टक्क्यांवरच ठेवला, आणि ते योग्यच होते. कर्ज महाग केल्याने टोमॅटो लवकर पिकत नाही. नवे पीक बाजारात आले आणि ऑक्टोबरपर्यंत महागाई पुन्हा ४.८७ वर उतरली. अशा वेळी कोअरकडे पाहणारा विश्लेषक गोंधळत नाही. पावसाने, किडीने किंवा परदेशातल्या युद्धाने चढलेले भाव आणि देशातल्या मागणीने चढलेले भाव त्याला वेगळे काढता येतात. निदानाचे साधन म्हणून कोअर उपयोगी आहे, यावर आमचा आक्षेप नाही.

आक्षेप पुढच्या पावलावर आहे. टोमॅटो उतरला, पण अन्नाची महागाई उतरली का? नोव्हेंबर २०२३ मध्ये ती ८.७० टक्के होती, डिसेंबरमध्ये ९.५३, आणि जून २०२४ मध्ये ९.३६. मधल्या एकाही महिन्यात ती आठ टक्क्यांच्या खाली आली नाही. सलग आठ महिने! त्याच काळात कोअर मात्र चार टक्क्यांच्या आसपासवरून तीनच्या जवळ घसरत होती. अन्नाचे भाव तात्पुरते चढतात, म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष करा, हा कोअरवाद्यांचा सगळा आधार. आठ महिने टिकणारी वाढ तात्पुरती कशी? एका भाजीनंतर दुसरी, भाज्यांनंतर डाळी, असे होत राहिले, तर गृहिणीला हंगाम बदलल्याचा कोणताही दिलासा मिळत नाही. आणि ही महागाई ताटात थांबत नाही. किराणा दर महिन्याला वाढला, की मजूर वाढीव मजुरी मागतो, न्हावी आणि शिंपी दर वाढवतात, घरकामाच्या बाई पगार वाढवून मागतात. शेवटी ती वाढ त्या निर्मळ म्हटल्या जाणाऱ्या कोअरमध्येच शिरते. ऊर्जित पटेल समितीने जानेवारी २०१४ मध्ये हेडलाइनचीच शिफारस केली, तिच्यामागे हाच विचार होता: या देशातले लोक उद्याच्या महागाईचा अंदाज अन्न आणि इंधनाच्या भावांवरून बांधतात.

आता हिशेब मांडा. महिना दहा हजार खर्चाचे एक घर घ्या, ज्यात सहा हजार अन्नावर जातात. मे २०२४ च्या दराने, म्हणजे अन्न ८.७ टक्क्यांनी आणि बाकीचे तीन टक्क्यांनी महागले असे धरले, तर या घराचा खर्च ६४२ रुपयांनी वाढतो. महागाई ६.४ टक्के. लाख रुपये खर्चाच्या घरात पंचवीस हजार अन्नावर जात असतील, तर तीच महागाई ४.४ टक्के होते. कोअरचा आकडा दोघांनाही सांगतो: तीन टक्के. म्हणजे हा आकडा श्रीमंताच्या जवळचा आहे आणि गरिबापासून दूर. २०१२ पायाच्या मालिकेत अन्न व पेये यांचा भारांक देशभर ४५.८६ टक्के होता, शहरांत सुमारे ३६ आणि ग्रामीण भागात ५४. ग्रामीण भारताच्या एवढ्या मोठ्या खर्चाला धोरणाच्या कक्षेबाहेर टाकायचे, आणि त्याला शास्त्र म्हणायचे?

बरे, जे उरते ते तरी स्वच्छ आहे का? त्या मालिकेत पेट्रोल आणि डिझेल वाहतुकीच्या गटात होते. वगळला जायचा तो ‘इंधन व प्रकाश’ गट, म्हणजे स्वयंपाकाचा गॅस, रॉकेल, सरपण, वीज. चूल वगळली, गाडी ठेवली! त्याच कोअरमध्ये सोनेही होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न पाच टक्क्यांनी स्वस्त झाले आणि हेडलाइन अवघ्या ०.२५ टक्क्यांवर आली, तरी कोअर चार टक्क्यांच्या वर राहिली. तिला वर धरून ठेवण्यात सोन्याचा मोठा वाटा होता. कोअर लक्ष्य असते, तर सराफ बाजारातल्या तेजीपायी कर्जदाराचा हप्ता चढा ठेवण्याची वेळ आली असती.

आणि सरकारच्या वागण्याकडे पाहा. अन्नाचे भाव धोरणात धरू नका असे सुचवणाऱ्या याच सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले. डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली आणि मे २०२४ पर्यंत ती बंद ठेवली. लासलगावच्या बाजारात भाव पाडले गेले आणि शेतकऱ्याने त्याची किंमत मोजली. म्हणजे शेतकऱ्याचा भाव पाडायचा असतो तेव्हा कांद्याची महागाई राष्ट्रीय संकट ठरते, आणि उत्तरदायित्वाची वेळ येते तेव्हा तीच आकडेमोडीतली अडचण ठरते. हे दुटप्पी धोरण आम्ही धिक्कारतो.

खरा प्रश्न उत्तरदायित्वाचाच आहे. कायद्यानुसार सरकारने ठरवलेले लक्ष्य चार टक्के, वरची मर्यादा सहा. सलग तीन तिमाही ती ओलांडली, तर बँकेने सरकारला लेखी कारणे द्यायची. २०२२ मध्ये ती वेळ आली. अन्न लक्ष्याबाहेर गेले, तर अन्नाच्या महागाईसाठी कायद्याने कोणीच कोणाला जाब देणार नाही. कूपनांची भाषा करणाऱ्यांनी आधी सांगावे, की ती कोण वाटणार, किती रकमेची आणि अन्न किती टक्के महागल्यावर? पाहणीत याचा तपशील नाही.

अर्थ मंत्रालयाने हेडलाइनचे लक्ष्य अबाधित ठेवावे. रिझर्व्ह बँकेने कोअर विश्लेषणासाठी खुशाल वापरावी, त्याहून अधिक काही नाही. आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये बँकेने अपयशाची कारणे देणारे जे पत्र सरकारला लिहिले आणि जे तेव्हा जनतेपुढे ठेवले गेले नाही, ते शब्दशः प्रसिद्ध करावे.