घोळीची पिशवी आणि मुशीची कलेजी

आठवीच्या वर्गात तरंगणे आणि बुडणे शिकवीत होतो. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याचे अब्बा मच्छीमार आहेत, सुट्टीत तोही बोटीवर जातो. म्हणाला, "सर, एकाच जाळ्यात घोळ आणि मुशी येते. घोळीचे पोट तोंडातून बाहेर आलेले असते, डोळे फुगलेले असतात. मुशी मात्र धडधाकट, चावायला धावते. अब्बा लहान घोळ परत पाण्यात सोडतात, तर ती उलटी होऊन वरच तरंगते. मुशी सोडली की सरळ खाली जाते. असे का?"

पुस्तकातल्या प्रश्नांपेक्षा हा प्रश्न कितीतरी चांगला होता. त्याचेच उत्तर यावेळी आमच्या वाचकांसाठी.

मासा साफ करताना पाठीच्या कण्याखाली एक पांढुरकी, फुग्यासारखी पिशवी दिसते. घरात आपण ती आतड्यांबरोबर टाकून देतो. घोळीची पिशवी मात्र कोणी टाकत नाही. ती वाळवून परदेशी जाते आणि मांसापेक्षा कितीतरी महाग विकली जाते. या पिशवीत वायू असतो आणि माशाला हव्या त्या खोलीवर थांबवण्याचे काम ती करते.

हिशेब करून पाहू. एक किलोचा मासा घ्या. मांस आणि हाडे पाण्यापेक्षा जड असतात. पिशवी सोडून या माशाने साधारण ९३० मिलिलिटर जागा व्यापली, असे धरू. तेवढ्या समुद्राच्या पाण्याचे वजन सुमारे ९५४ ग्रॅम भरते. म्हणजे मासा ४६ ग्रॅमने जड आहे. काही केले नाही तर तो हळूहळू तळाला जाईल, आणि वर राहायचे तर सतत पर मारीत राहावे लागेल. पण अंगात ४५ मिलिलिटर वायूची पिशवी असली तर हा फरक भरून निघतो. चहाच्या छोट्या कपाच्या निम्म्याइतक्या या वायूच्या जोरावर मासा पर न मारता जागच्या जागी थांबू शकतो.

पण वायू दाबला जातो. समुद्रात दर १० मीटर खोलीला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. पृष्ठभागावर एक, १० मीटरवर दोन, ३० मीटरवर चार. आपला मासा १० मीटरवर तोलून थांबला आहे, असे समजा. तो ३० मीटरवर उतरला की दाब दुप्पट होतो आणि ४५ मिलिलिटरची पिशवी साडेबावीसवर येते. आधार निम्मा झाला, मासा जड झाला, आणखी खाली जाऊ लागला. उलट तो पृष्ठभागाकडे आला तर पिशवी फुगून ९० होते. मासा हलका होतो आणि आणखी वर ढकलला जातो. म्हणजे हा तोल एका खोलीपुरताच असतो. तिथून जरा सरकले की पिशवीच माशाला त्या दिशेला आणखी ओढते. म्हणून खोली बदलली की माशाला पिशवीतला वायू कमी-जास्त करावाच लागतो.

रोहूसारख्या गोड्या पाण्यातल्या माशाच्या पिशवीपासून घशापर्यंत एक बारीक नळी असते. वर येताना जास्तीचा वायू तो तोंडावाटे सोडून देऊ शकतो. घोळीच्या पिशवीला अशी वाट नसते, ती चारी बाजूंनी बंद असते. तिच्यात वायू येतो तो रक्तातून. पिशवीच्या भिंतीवर एक लाल भाग असतो. तिथे बारीक रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. तो भाग आम्ल तयार करतो, आम्लामुळे रक्त आपला ऑक्सिजन सोडते आणि तो पिशवीत शिरतो. वायू कमी करायचा असेल तेव्हा भिंतीवरचा दुसरा एक भाग उघडतो आणि तिथले रक्त वायू शोषून घेते. ही सोय उत्तम आहे, पण सावकाश चालणारी आहे. मोठा बदल जुळवून घ्यायला तास लागतात.

आता जाळ्याकडे येऊ. घोळ ४० मीटरवर होती, म्हणजे पाच वातावरण दाबाखाली. जाळे काही मिनिटांत वर ओढले. बंद पिशवीतला ४५ मिलिलिटर वायू पाचपट होऊ पाहतो, म्हणजे २२५ मिलिलिटर. एवढी जागा पोटात नसते. पिशवी फाटते किंवा जठराला तोंडातून बाहेर ढकलते, आणि डोळेही बाहेर येतात. असा मासा पाण्यात सोडला तरी फुगलेला वायू त्याला खाली जाऊ देत नाही. उलटा तरंगत राहतो आणि पक्ष्यांच्या तोंडी पडतो. घोळ मासा उत्तर ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरही मिळतो. तिथे गळाने मासेमारी करणाऱ्यांना सांगितले जाते की १० मीटरपेक्षा खोलातून काढलेली घोळ सोडली तरी बहुधा जगत नाही. म्हणून ठरवून दिलेले मासे मिळाले की तिथे गळ टाकणे थांबवावे.

मग मुशीचे काय? मुशी ही शार्कच. तिच्या पोटात अशी पिशवीच नसते. तिने दुसरा मार्ग धरला आहे. पहिली गोष्ट, तिचा सांगाडा हाडांचा नसून आपल्या कानात असते तशा कूर्चेचा असतो. कूर्चा हाडापेक्षा बरीच हलकी. दुसरी गोष्ट, तिची कलेजी. मुशी कापताना ज्यांनी पाहिले त्यांना ठाऊक आहे की कलेजी पोटभर पसरलेली असते आणि तेलाने भरलेली असते. काही शार्कमध्ये ती अंगाच्या वजनाच्या चौथ्या हिश्शापर्यंत भरते. तेल पाण्यापेक्षा हलके असल्याने वर उचलते.

पण तेल हवेइतके हलके नसते. आपल्या हिशेबातले ४६ ग्रॅम उचलायला ४५ मिलिलिटर वायू पुरला. तेवढ्यासाठी तेल मात्र सुमारे ३०० मिलिलिटर लागेल. एक किलोच्या अंगात एवढे तेल कुठे मावणार? म्हणून बहुतेक शार्क पूर्ण तोल साधत नाहीत, पाण्यापेक्षा जराशा जडच राहतात. उरलेला आधार पुढचे रुंद पर देतात, विमानाच्या पंखांसारखे. पण पंख चालतात ते पुढे जाताना. पोहणे थांबवले की मुशी हळूहळू तळाला जाते. जागच्या जागी अधांतरी थांबणे तिला जमत नाही.

याची भरपाईही आहे. तेल दाबाने जवळजवळ आकसत नाही. ४० मीटरवर कलेजी जेवढी, पृष्ठभागावरही तेवढीच. म्हणून मुशी भक्ष्यामागे भरभर वर-खाली करू शकते आणि जाळ्यातून वर आली तरी फुगत नाही. तिला सोडल्यावर ती खाली गेली, कारण वर धरून ठेवणारा वायू तिच्यात नव्हताच.

हे घरी करून पाहता येते. प्लास्टिकची बाटली पाण्याने काठोकाठ भरा. औषधाच्या ड्रॉपरमध्ये थोडे पाणी घ्या, इतके की तो जेमतेम तरंगेल. तो बाटलीत सोडून झाकण घट्ट लावा. बाटली दाबली की ड्रॉपरमधली हवा आकसते, पाणी आत चढते आणि तो खाली जातो. हात सैल केला की वर येतो. मधेच त्याला स्थिर धरण्याचा प्रयत्न करा. बोटे सारखी कमी-जास्त दाबावी लागतील. घोळीची पिशवी हेच काम करते.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाने विचारले, "मग अब्बांना काय सांगू, सर?" आम्ही म्हटले, "उलटी झालेली घोळ समुद्रात सोडून वाचत नाही, एवढे सांग. लहान घोळ वाचवायची असेल तर ती जाळ्यातच येऊ नये हे पाहायला हवे." तो म्हणाला, "म्हणजे जाळ्याची भोके मोठी हवीत." मुलगा मच्छीमाराचा आहे, हे उत्तर त्याला आमच्याआधी सुचले.