वाट कापताना

‘वाट कापणे’ म्हणजे चालून जाणे, हे आपण शाळेतच शिकलो. गेल्या हिवाळ्यात मात्र मला वाट अक्षरशः कापावी लागली, आणि तेव्हा माझे एक मत बनले. तेच येथे मांडतो.

खिरेश्वरहून तोलारखिंडीमार्गे आम्ही हरिश्चंद्रगडावर गेलो होतो. मोबाईलमधील नोंद मी घरातून निघतानाच सुरू केली होती. पुढे एका मित्राने फक्त खिंड ते मंदिर एवढाच टप्पा मागितला. जीपीएक्स फाईल म्हणजे बिंदूंची माळ. प्रत्येक मणी `<trkpt` पासून `</trkpt>` पर्यंत, आणि त्यात अक्षांश, रेखांश, उंची व वेळ. मूळ फाईल बाजूला ठेवून मी तिची प्रत साध्या संपादकात उघडली.

खिंडीत आम्ही सव्वानऊला पोहोचलो होतो, म्हणून मी 09:15 शोधले. सापडलेला बिंदू निघाला कोकणकड्यावरचा! कारण फाईलमधील वेळ भारतीय नसते, जागतिक असते. वेळेपुढचा `Z` तेच सांगतो. आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करायचे. खिंडीचा बिंदू 03:45 ला मिळाला. त्याआधीचे सगळे मणी काढले, मंदिरानंतरचेही काढले. माळेची डोकी-शेपटी तशीच ठेवली. अर्धा मणी राहिला तर फाईल उघडतच नाही, म्हणून ती चूक लगेच कळते.

खरा प्रश्न पुढेच होता. पठारावर धुक्यात आम्ही पंचवीस मिनिटे भरकटलो होतो. लाज वाटून तेवढे मणीही मी काढून टाकले. नकाशावर पाहतो तो, तुटलेली दोन टोके एका सरळ रेषेने जोडलेली! जिथे कोणी चाललेच नाही तिथे छान पायवाट उमटली होती. मित्र तिच्यावर विसंबून निघाला असता तर? मी घाईने त्या जागी माळ तोडली:

```
</trkseg>
<trkseg>
```

आता तिथे रेषा नाही, फट आहे. ‘येथे वाट विचारून घे’ असे ती फट सांगते. दुसऱ्याची फाईलही तपासता येते. शेजारच्या बिंदूंमध्ये एरवी काही सेकंदांचे अंतर असते. एकाच तुकड्यात ते अचानक पंचवीस मिनिटांचे झाले, तर तेथील रेषेवर भरवसा ठेवू नये.

आणखी एक. घराची खूण मी `<wpt` म्हणून साठवली होती. ती माळेबाहेर, फाईलच्या सुरुवातीला असते. वाट कापली तरी घराचा पत्ता तसाच राहिला होता.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की टप्पा जरूर कापून द्यावा, पण आपली चूक झाकण्यासाठी कापू नये. न उघडणारी फाईल कोणाला दरीत नेत नाही. उघडून खोटे सांगणारी मात्र नेऊ शकते.