‘चांगल्या घरातला सोफा’ आणि त्यातले ढेकूण

शहापूर-मुरबाडकडे जुनं फर्निचर विकणाऱ्यांचं एक ठरलेलं वाक्य असतं : “एकदम चांगल्या घरातलं सामान आहे, साहेब.” कल्याण, डोंबिवली, उल्हासनगरला कुणी घराचं नूतनीकरण काढतं, जुना सोफा आणि दिवाण टेम्पोत चढतो आणि दोन दिवसांत आपल्याकडच्या एखाद्या खोलीत येऊन बसतो. याला माझा विरोध नाही. लग्नसराईत नव्या सागवानी पलंगाचा भाव ऐकून घाम फुटावा अशीच परिस्थिती आहे. विरोध आहे तो त्या वाक्यावर विश्वास ठेवून, सोफा उलटा न करता पैसे मोजण्याला.

ढेकूण अस्वच्छतेने होतात हा समज आधी डोक्यातून काढा. ढेकणाला उष्टं-खरकटं लागत नाही, त्याला माणसाचं रक्त लागतं आणि लपायला फट लागते. संगमरवरी फरशीच्या फ्लॅटमध्ये या दोन्ही गोष्टी मिळतात. एखादा प्रवासी लॉजवरून बॅगेतून घेऊन येतो, तिथून सुरुवात होते. विकणारं कुटुंब खोटं बोलत असेलच असंही नाही. ढेकूण चावल्यावर अंगावर गांधी उठणं ही ॲलर्जीची प्रतिक्रिया आहे आणि काही माणसांना ती येतच नाही. काहींना चावल्यानंतर कित्येक दिवसांनी येते. म्हणून “आम्ही वर्षभर यावरच झोपतो, आम्हाला काही चावलं नाही” हे वाक्य खरं असू शकतं आणि त्याच गादीत शेकडो ढेकूणही असू शकतात.

आसनगाव भागातल्या एका चाळीतल्या कुटुंबाचं उदाहरण सांगतो, ओळख पटेल असे तपशील गाळून. साडेचार हजारांना सोफा-कम-बेड आणला. वरचं रेक्झीन कोरं करकरीत, विकणाऱ्याने नवीन चढवलेलं. तीन आठवड्यांनी दोन्ही मुलांना रात्री खाज सुरू झाली. खरजेचं मलम झालं, पुन्हा झालं, तिसऱ्यांदा घरातल्या सगळ्यांनी लावून झालं. मुलं माझ्याकडे आली तेव्हा हातांवर आणि मानेवर चट्टे होते, तीन-चार एका ओळीत. बोटांच्या बेचक्यांत, मनगटाच्या आतल्या बाजूला आणि कमरेभोवती काहीच नव्हतं. खरूज असती तर ती आधी तिथेच दिसली असती. ढेकूण झोपेत उघडं असलेलं अंग शोधतो, तर खरजेचा किडा कातडीत बीळ करून राहतो. आई-वडील एकदम स्वच्छ होते, म्हणून कुणाला सोफ्याची शंकाच आली नव्हती. घरी जाऊन सोफा उलटा करा आणि खालचं काळं कापड उचकटा, एवढंच सांगितलं. संध्याकाळी फोटो आला. कापडाच्या आतल्या कडेने, पिनांच्या रांगेत, काळ्या ठिपक्यांची रांगोळी होती. नवं रेक्झीन वर, जुनी वस्ती खाली.

आता विकणाऱ्याच्या दोन खात्र्यांकडे वळू. पहिली, “स्प्रे मारलाय.” ढेकणांनी फवारणीला दाद न देणं काही नवीन नाही. डीडीटीला ते जुमानत नाहीत हे १९४७ सालीच हवाई बेटांवर दिसून आलं होतं. आज बाजारातल्या बहुतेक घरगुती स्प्रेमध्ये पायरेथ्रॉइड गटाचं औषध असतं आणि त्यालाही अनेक ठिकाणचे ढेकूण सरावलेले आहेत. शिवाय औषध पडतं कापडावर आणि ढेकूण असतो लाकडाच्या सांध्यात. अंड्यांवर तर त्याचा परिणाम फारच कमी. जुन्या सोफ्याला औषधाचा ताजा वास येत असेल तर ती खात्री समजू नका. फवारायची वेळ का आली, ते विचारा.

दुसरी खात्री, “दोन दिवस उन्हात टाकला होता.” उष्णतेने ढेकूण मरतात, यात शंका नाही. ५० अंशांच्या पुढे ते तग धरत नाहीत, अंड्यांना त्याहून थोडी जास्त उष्णता लागते. पण हे तापमान ढेकूण बसलाय तिथपर्यंत पोचलं पाहिजे. एप्रिलच्या उन्हात गादीची वरची बाजू हात भाजेल इतकी तापते, खालची बाजू आणि आतला कापूस मात्र तेवढा तापत नाही. ढेकूण काही वर बसून राहत नाही, तो सावलीकडे सरकतो. “रिकामाच पडून होता” हेही ऐकू येतं. मोठा ढेकूण रक्ताशिवाय महिना-दोन महिने सहज काढतो, थंडीत त्याहूनही जास्त.

तेव्हा तपासणी आपणच करायची, दिवसा, विकणाऱ्याच्या दारात आणि पैसे देण्याआधी. चांगली टॉर्च, एखादं जुनं एटीएम कार्ड, पेचकस आणि थोडा ओला कापूस एवढंच लागतं. पंधरा-वीस मिनिटं जातील. जिवंत ढेकूण दिसेलच असं नाही, दिवसा तो दडून असतो. त्याच्या खुणा शोधायच्या. स्केचपेनचं टोक टेकवल्यासारखे काळे ठिपके ही त्याची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. ओल्या कापसाने पुसल्यावर ते तपकिरी पसरतात, साधी धूळ तशी पसरत नाही. दुसरी खूण म्हणजे पिवळट, कोरड्या, पारदर्शक काती. अंड्यातून निघाल्यापासून मोठा होईपर्यंत ढेकूण पाच वेळा कात टाकतो, त्यामुळे वस्ती जुनी असेल तर काती असतातच. अंडी जेमतेम एक मिलिमीटरची, पांढरी आणि फटीत चिकटवलेली. मोठा ढेकूण मसुरीच्या डाळीएवढा, चपटा, लालसर तपकिरी. वस्ती मोठी असेल तर तो ओळखीचा वासही येतो. ज्यांनी लहानपणी ढेकूण चिरडलाय त्यांना मी तो समजावून सांगायला नको.

सोफ्याच्या बाबतीत सगळा निकाल तळाला लागतो. बसायच्या उशा काढा, बैठक आणि पाठ यांच्यामधल्या घळीत कार्ड फिरवा आणि ते पांढऱ्या कागदावर झटका. मग सोफा उलटा करून तळाच्या काळ्या कापडाची एक बाजू पेचकसाने उचला आणि लाकडी चौकटीच्या कोपऱ्यांत टॉर्च मारा. सोफा-कम-बेड असेल तर बिजागऱ्या पूर्ण उघडा. विकणारा म्हणेल, “कापड कशाला फाडता?” दहा पिना पुन्हा ठोकायला दोन मिनिटं लागतात. जो तळ उघडू देत नाही, त्याच्याकडून घ्यायचं नाही.

लाकडी पलंगाबद्दल मी जास्त उदार आहे, कारण तो सुटा करता येतो. उशाकडची फळी आणि बाजूच्या पट्ट्या यांचा सांधा, बोल्टची भोकं, प्लायवूडची खालची बाजू आणि सनमायका सुटलेली कड ही ढेकणांची आवडती घरं. बाज असेल तर सुंभाच्या गाठी आणि पायाच्या खाचा बघा. लोखंडी कॉटच्या पोकळ पाइपची तोंडं विसरू नका. लाकडाखाली पिठासारखी बारीक भुकटी आणि टाचणीने केल्यासारखी भोकं दिसली तर तो लाकूड पोखरणारा किडा. मातीच्या नळ्या दिसल्या किंवा लाकूड ठोकल्यावर पोकळ वाजलं तर वाळवी. हे दोन्ही चावायला येत नाहीत, पण पलंग घेऊ नका.

आणि गादी? जुनी गादी घेऊच नका, तपासूनही नाही. शिवणीचा गोट, कंपनीची पट्टी, कोपरे हे सगळं पाहता येतं, पण आत काय आहे ते दिसत नाही, आणि गादी सुटी करता येत नाही. लॉज आणि वसतिगृहांतून घाऊक निघालेल्या गाद्या तर फुकटातही नकोत. “डॉक्टर, नवी घ्यायला पैसे कुठे आहेत?” हा प्रश्न रास्त आहे. घरच्याच जुन्या गादीचा कापूस पिंजून नव्या खोळीत भरून घ्या. वरच्या कुटुंबाचा तीन वेळच्या मलमांवर आणि बुडालेल्या रोजांवर झालेला खर्च त्यापेक्षा जास्त होता.

तपासणीत पास झालेला पलंगही थेट झोपायच्या खोलीत नेऊ नका, एखाद-दुसरं अंडं नजरेतून सुटतंच. लाकूड भरीव असेल तर पडवीत पलंग सुटा करून प्रत्येक सांध्यात आणि भोकात उकळतं पाणी ओता. आजी हेच करायची आणि ते बरोबर होतं. दोन आठवड्यांनी पुन्हा ओता, कारण वाचलेल्या अंड्यांतून तोवर पिल्लं बाहेर आलेली असतात. प्लायवूड मात्र उकळत्या पाण्याने फुगतं, तिथे हा उपाय चालत नाही.

हे सगळं इतकं ताणून सांगण्याचं खरं कारण पुढे आहे. ढेकणांनी माणूस मरत नाही. त्यांच्यामुळे रोग पसरतो असंही सिद्ध झालेलं नाही. खाज, खाजवून झालेल्या जखमा आणि उडालेली झोप, एवढाच त्रास. जीव जातो तो उपायाने. त्या चाळीतल्या आईने मला विचारलं होतं, “शेजारी म्हणतात, धान्यातल्या गोळ्या सोफ्याच्या पेटीत ठेवा. ठेवू का?” या गोळ्या म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या दमटपणाने त्यांतून फॉस्फीन वायू निघतो. तो दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीत जातो आणि लहान मुलांना आधी गाठतो. उलट्या, पोटदुखी आणि धाप यांनी सुरुवात होते, घरच्यांना वाटतं काहीतरी बाधलं. या वायूवर उतारा नाही, त्याने हृदय बंद पडतं. भातावर फवारायचं औषध गादीवर मारणं हा त्याचाच भाऊ. त्या गोळ्या राहत्या घरात ठेवूच नका, आणि कुणी वापरल्या असतील तर आधी सगळ्यांना बाहेर काढून मोकळ्या हवेत आणा आणि थेट रुग्णालय गाठा.

त्या कुटुंबाने सोफा शेवटी टाकला. टाकण्याआधी त्यांना रेक्झीन ब्लेडने फाडायला आणि वर रंगाने ‘ढेकूण’ असं मोठं लिहायला सांगितलं. तसं केलं नसतं तर कुणीतरी तो उचलून, नवं कव्हर चढवून, ‘चांगल्या घरातला’ म्हणून पुन्हा विकला असता.