बधिर पायाला शेक नको

थंडी पडली की वस्तीत घरोघरी शेकायची पिशवी बाहेर निघते. पोटऱ्या वळतात, गुडघे धरतात, मग म्हाताऱ्या माणसांच्या अंथरुणात ती रात्रभर राहते. आमचं याबाबत स्पष्ट मत आहे: ज्याला साखरेचा आजार आहे आणि पाय बधिर आहेत, त्याच्या पायाला ही पिशवी लावूच नये. कोमट असली तरी नको.

कोमटाने कसं भाजेल, असं बायका आम्हाला विचारतात. भाजणं नुसत्या उष्णतेवर ठरत नाही, ती किती वेळ लागून राहिली यावरही ठरतं. ६० अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत कातडी भाजतं. ४४ अंश हाताला फक्त ऊबदार वाटतात, पण तेवढीच ऊब एकाच जागी सहा तास टेकून राहिली तर तीही भाजते. ४५ ला त्याच्या निम्मा वेळ पुरतो. विजेवर तापणाऱ्या पिशवीतलं पाणी साठीच्या आसपास जातं. दिवा बंद झाला म्हणजे ती तापली, एवढाच त्याचा अर्थ. कातडीला चालेल असा नाही.

आम्ही पाहिलेल्या एका मावशींचं असंच झालं. साखर बारा वर्षांची. पिशवी जुन्या लुगड्यात गुंडाळली होती, म्हणजे काळजी घेतलेली होती. पण पोटरी रात्रभर तिच्यावरच टेकलेली. वजनाने तिथलं रक्त दबलं की उष्णता वाहून जात नाही, आणि गोधडीखाली पिशवीही लवकर निवत नाही. शुद्ध पायाच्या माणसाला चटका बसून जाग आली असती. मावशींना आली नाही. सकाळी रुपयाएवढा लाल डाग होता, दुखत नव्हता, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. तिसऱ्या दिवशी फोड आला, मग कातडी काळी पडली. जखम भरायला तीन महिने मलमपट्टी लागली. असं भाजलेलं दुखत नाही म्हणजे थोडक्यात निभावलं, असं नसतं. आतल्या नसाही भाजल्या असू शकतात.

पाय बधिर आहे का, हे घरीच पाहता येतं. आईला डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकाला आपलं बोट एक-दोन सेकंद हलकेच टेकवा, दाबू नका. सहापैकी दोन ठिकाणी तिला कळलं नाही, तर शेक बंद. त्यांच्यासाठी सैल लोकरी मोजे आणि जादा पांघरूण. पिशवीने अंथरूण गरम करायचं असेल तर करा, पण माणूस आडवा होण्याआधी ती काढून घ्या.

ज्यांना नीट कळतं त्यांनीही उकळतं पाणी भरू नये, पिशवी जाड टॉवेलात गुंडाळावी, वीस मिनिटांनी उचलावी, आणि झोपताना घेऊ नये.

डाग दिसलाच तर लगेच वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. रात्रीचा डाग सकाळी दिसला तर पाण्याने भागणार नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद, टूथपेस्ट, शाई काही लावू नका, त्याने जखम किती खोल आहे ते डॉक्टरांना दिसत नाही. तिथे गेल्यावर साखरेचा आजार आहे हे आधी सांगा.