एका ‘वेस्ट’चे चार शब्द

आमच्या मंडळाच्या सभागृहात दर शनिवारी सकाळी ज्येष्ठांसाठी इंग्रजी संभाषणाचा जो वर्ग भरतो, त्यात शिकवण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. मुलाकडे किंवा मुलीकडे कायमचे राहावयास इंग्लंडात आलेली ही मंडळी इंग्रजी वाचण्यात कच्ची नाहीत; वर्तमानपत्र त्यांना समजते, सरकारी कागदाचा अर्थ ती घरातल्या तरुणांना समजावून देतात; परंतु दवाखान्यातली परिचारिका काय म्हणाली ते आपल्याला कळत नाही आणि आपण काय म्हणालो ते तिला कळत नाही, ही त्यांची कायमची कैफियत असते. या वर्गात समोच्चारी आणि नानार्थी शब्दांवरचे विनोद शिकवण्याचे साधन म्हणून वापरावेत, अशी सूचना मी कार्यकारिणीपुढे मांडली तेव्हा दोन-तीन वडीलधाऱ्या सभासदांनी हरकत घेतली. साठी उलटलेल्या माणसांना कोट्या सांगणे हा पोरखेळ आहे, त्यापेक्षा ‘सारख्या उच्चाराचे शब्द’ अशी एक यादी छापून सर्वांना पाठ करावयास द्यावी, असे त्यांचे म्हणणे पडले. त्या म्हणण्याला सविस्तर उत्तर द्यावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

अशा याद्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत, आणि त्यांच्यावर माझा मुख्य आक्षेप असा की, ज्या दोन गोष्टींची सरमिसळ विद्यार्थ्याच्या कानात आधीच झालेली असते तीच त्या कागदावर कायम करतात. आठवडा या अर्थाचा ‘वीक’ आणि दुबळा या अर्थाचा ‘वीक’ ही जोडी, आणि तिच्याच खाली जहाज या अर्थाचा ‘शिप’ आणि मेंढी या अर्थाचा ‘शीप’ ही जोडी, एकाच मथळ्याखाली दिलेली असते. वास्तविक पहिल्या जोडीत उच्चाराचा फरक मुळीच नाही. जन्माने इंग्रज असलेल्या माणसालाही तो ऐकू येणार नाही, कारण ऐकण्यासारखे तेथे काही नाहीच. दुसऱ्या जोडीतला फरक मात्र इंग्रजाच्या चार वर्षांच्या मुलाला ढळढळीत ऐकू येतो. तो आपल्याला ऐकू येत नाही, एवढेच. पहिला गोंधळ इंग्रजी भाषेचा आहे आणि दुसरा आपल्या कानाचा. दोहोंची कारणे निराळी, उपाय निराळे; आणि कोणता गोंधळ कोणत्या जातीचा, हे ओळखण्याची विनोदाइतकी साधी कसोटी मला दुसरी सापडलेली नाही.

ही कसोटी मला प्रथम उमगली ती ‘वेस्ट’ या शब्दावरून. इंग्रजीत एक जुनी कोटी आहे : कोणी घड्याळे ओवून कमरपट्टा तयार केला, तर त्याला काय म्हणावे? उत्तर – ‘वेस्ट ऑफ टाइम’. कंबर या अर्थाचा वेस्ट आणि अपव्यय या अर्थाचा वेस्ट यांचा उच्चार तंतोतंत एक असल्यामुळे ‘काळाचा अपव्यय’ आणि ‘काळाची कंबर’ हे दोन्ही अर्थ त्या एका उच्चारात मावतात. वर्गाला ती कोटी कळली, आणि तिच्या उत्साहात एका आजोबांनी लगेच स्वतःची कोटी रचली : सूर्य कोठे मावळतो? – बनियनमध्ये! पश्चिम दिशा ती ‘वेस्ट’ आणि इंग्लंडात बनियनला म्हणतात तोही ‘वेस्ट’, असा त्यांचा हिशेब. आम्ही सर्व मराठी माणसे मोकळेपणाने हसलो. वर्गाला मदत करावयास येणारे एक निवृत्त इंग्रज गृहस्थ तेथे बसले होते. घड्याळांच्या पट्ट्याला ते हसले होते, पण या दुसऱ्या कोटीचे मी इंग्रजी करून सांगितल्यावर ते नुसते आमच्याकडे पाहत राहिले. त्यांनी विचारले, सूर्याचा आणि बनियनचा संबंध काय? त्यांच्या कानाला ते दोन शब्द एकमेकांच्या आसपासही नव्हते.

देवनागरीत लिहावयाचे झाले तर दिशा, बनियन, कंबर आणि अपव्यय या चारही अर्थांचे शब्द आपण ‘वेस्ट’ असेच लिहितो, आणि तसेच उच्चारतोही. इंग्रजाच्या लेखी मात्र या चारांचे उच्चार तीन आहेत : दिशेचा एक, बनियनचा दुसरा, आणि कंबर व अपव्यय यांचा मिळून तिसरा. याचे कारण समजावून घेतले पाहिजे. आपला ‘व’ उच्चारताना खालचा ओठ वरच्या दातांच्या जवळ जातो, पण घासत नाही. ओठांचा चंबूही होत नाही. तो इंग्रजीच्या ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ या दोन अक्षरांच्या उच्चारांच्या मधोमध पडतो, म्हणून इंग्रजाला तो कधी हा तर कधी तो असा भासतो. बनियनच्या शब्दासाठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवून भुंग्यासारखा आवाज क्षणभर धरून ठेवावा लागतो. दिशेच्या शब्दासाठी दात ओठाला लागूच न देता ‘ऊ’ म्हणण्याच्या तयारीने ओठ गोल करून तेथून ‘एस्ट’वर यावे लागते. स्वरांचेही तसेच. दिशेतला आणि बनियनमधला ‘ए’ आखूड व स्थिर आहे. कंबर आणि अपव्यय यांतला ‘ए’ सुरू होऊन ‘इ’कडे सरकत जातो, जणू ‘एइ’. मराठीत हे दोन ‘ए’ अर्थ बदलण्यासाठी वापरले जात नाहीत, म्हणून आपण त्यांच्याकडे कधी लक्षच दिलेले नसते.

ज्यांनी शाळेत अलंकार शिकले आहेत त्यांना येथे श्लेष आठवल्यावाचून राहणार नाही, आणि मी वर्गात त्याची मदत आवर्जून घेतो. यमक-श्लेषादिकांत ‘ब’ आणि ‘व’, ‘ड’ आणि ‘ल’ हे वर्ण एकच मानण्याची सवलत संस्कृत साहित्यशास्त्राने कवीला दिली आहे. आजोबांनी बनियनची कोटी केली तेव्हा अशाच एका सवलतीचा लाभ ते नकळत घेत होते. फक्त ती सवलत देण्यास इंग्रजी भाषा राजी नाही. या तऱ्हेने सांगितले की कोणाचा अपमान होत नाही, आणि मुद्दा कायमचा ध्यानात राहतो.

‘शिप’ आणि ‘शीप’ यांचा प्रकार याहून फसवा आहे, कारण तेथे देवनागरी फरक दाखवते आणि कान दाखवत नाही. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब; लिहिताना आपण चुकणार नाही, पण बोलताना दोन्हींची ‘दी’ एकच. ऱ्हस्वदीर्घाचा भेद मराठीने बव्हंशी लेखणीकडे सोपवला आहे, जिभेकडे नव्हे. बरे, विद्यार्थ्याला ‘मेंढी दीर्घ म्हणा’ असे सांगून भागत नाही, कारण इंग्रजीत या दोन स्वरांचा मुख्य फरक लांबीचा नसून जातीचा आहे : जहाजाचा स्वर ढिला, जीभ किंचित खाली, ‘ए’च्या दिशेने झुकलेला; मेंढीचा स्वर ताणलेला, ओठ पसरलेले. लांबी तर पुढच्या व्यंजनावरही अवलंबून असते, ‘ट’पुढे स्वर आखडतो आणि ‘ड’पुढे लांबतो. केवळ वेलांटीवर विसंबणारा विद्यार्थी मेंढी लांबवतो, पण ती जहाजच राहते.

कसोटी घ्यावयाची ती अशी. कागदावर दोन चित्रे काढावीत, बनियनचे एक आणि मावळत्या सूर्याचे एक. एकाने पाठमोरे बसून, मनाला येईल त्या क्रमाने, दहा वेळा त्यांपैकी एक शब्द म्हणावा आणि दुसऱ्याने चित्रावर बोट ठेवावे. काहीच ऐकू आले नाही तरी नुसत्या नशिबाने दहापैकी पाचांच्या आसपास बरोबर येतातच. म्हणून आठ-नऊ येईपर्यंत कानाला फरक कळला असे मी धरत नाही. मग हाच खेळ कंबर आणि अपव्यय यांच्या चित्रांवर खेळावा. आमच्या इंग्रज साहाय्यकांना पहिल्या खेळात दहापैकी दहा मिळाले आणि दुसऱ्यात चार. त्या चारांनी वर्गाला जे पटवले ते माझ्या व्याख्यानाने पटले नसते. जेथे इंग्रजालाही निम्मेच गुण मिळतात, तेथे आपल्या कानाला दोष देण्याचे कारण नाही. तेथे वाक्याकडे पाहावे.

वाक्याकडे पाहण्याची ही गोष्ट शिकवताना विनोद पुन्हा कामास येतो. खरे समोच्चारी शब्द व्यवहारात क्वचितच घोटाळा करतात, कारण भोवतालचे शब्द निवाडा करून टाकतात. विनोद रचणाऱ्याला मुद्दाम असे वाक्य शोधावे लागते की ज्यात दोन्ही अर्थ बसतील. लुइस कॅरॉलच्या १८७१ साली निघालेल्या ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’मध्ये पाव कसा करतात असे ॲलिसला विचारले जाते, ती पिठाचे नाव घेते, तर ते फूल कोठून खुडायचे असा प्रश्न तिला येतो, कारण इंग्रजीत पीठ आणि फूल यांचा उच्चार एकच. ती सांगू पाहते की ते खुडत नाहीत, दळलेले असते. तर ‘दळलेले’ या अर्थाचा शब्द जमिनीच्या अर्थाचाही असल्यामुळे लगेच किती एकर, अशी विचारणा होते. पहिली कोटी कागदावर पाहताच सुटते, कारण दोन शब्दांचे लेखन वेगळे आहे. दुसरी कागदावरही तशीच टिकते, कारण तेथे लेखनही एकच आहे. समोच्चारी आणि नानार्थी यांतली तफावत इतक्या थोडक्यात दाखवणारा दुसरा प्रसंग मला ठाऊक नाही. आणि गंमत अशी की पीठ आणि फूल हे मुळात एकच शब्द : धान्याचे ‘फूल’ म्हणजे त्याचा उत्तम, बारीक भाग, या अर्थाने पिठाचे नाव पडले, आणि लेखन पुढे वेगळे झाले. उलट मांस आणि भेटणे या अर्थांचे दोन ‘मीट’ एके काळी निरनिराळे उच्चारले जात. उच्चार जुळले, लेखन मात्र जुन्या उच्चाराचा दाखला म्हणून तसेच राहिले.

मात्र दोन मर्यादा मी स्वतः पाळतो. दोन्ही शब्द नवे असताना ते एकत्र शिकवू नयेत. तसे केले की कोणता कोणता, हा गुंता जन्मभर सुटत नाही. एक शब्द चांगला मुरल्यावर दुसरा द्यावा, आणि दोन्ही मुरल्यावर विनोद. दुसरी मर्यादा प्रदेशाची. कॅरॉलच्याच आधीच्या पुस्तकात कासव आणि ‘आम्हांला शिकवले’ यांवर जी सभंग श्लेषाची कोटी आहे, ती ज्या बोलींत स्वरानंतरचा ‘र’ गळतो, त्यांतच जमते. बहुसंख्य अमेरिकन तो ‘र’ उच्चारतात, म्हणून त्यांच्या तोंडी ती मोडते, आणि लिहिलेला प्रत्येक ‘र’ इमानाने उच्चारणाऱ्या आपल्या तोंडीही मोडते. वर्गातल्या एका काकांनी ती अमेरिकेतल्या नातवाला दूरध्वनीवर ऐकवली, त्याला काहीच उमगले नाही. तेव्हापासून कोटी कोणत्या गावच्या कानासाठी आहे, हे मी आधी सांगून ठेवतो.

गेल्या सत्रात वर्गात आलेल्या एका मावशींना पहिल्या शनिवारी बनियन आणि सूर्य यांच्या खेळात दहापैकी पाच गुण मिळाले होते. घरी आरशापुढे उभ्या राहून, दात ओठावर टेकतात की नाही हे पाहत त्यांनी सराव केला, आणि पाचव्या शनिवारी नऊ मिळवले. मग कंबर आणि अपव्यय यांचा खेळ झाला, त्यात पाच आले. मी काही बोलण्याआधीच कागद माझ्यापुढे सरकवून त्या म्हणाल्या, “मास्तर, इथं पाचच बरोबर. दहा आले असते तर म्हटलं असतं, मी चित्रं चोरून बघितली.”