‘आधी’ आणि ‘नंतर’ यांच्या मध्ये काय घडले?

रत्नागिरी शहरात बायकांसाठी चालणाऱ्या एका व्यायामवर्गाची जाहिरात दोन महिन्यांपूर्वी आमच्याकडे आली. वर्ग फक्त बायकांचा, शिकवणारी बाई, वेळ दुपारची, म्हणजे मुले शाळेत आणि पुरुष कामावर असताना. अशी सोय आपल्या मोहल्ल्यातल्या बहिणींना हवीच होती, म्हणून जाहिरात पाहून आम्हाला आनंद झाला. तिच्यात बायकांच्या फोटोंच्या तीन जोड्या होत्या, डावीकडे ‘आधी’ आणि उजवीकडे ‘नंतर’. डोळ्यांवर काळी पट्टी मारलेली होती. पहिल्या जोडीखाली लिहिले होते, ‘90 दिवसांत 18 किलो कमी!’ दुसरीखाली, ‘पोट गायब!’ तिसरीखाली, ‘मधुमेहातून मुक्ती, गोळ्या सुटल्या.’ सगळ्यात खाली मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत एक ओळ होती, की प्रत्येकाला मिळणारा परिणाम वेगळा असू शकतो.

जाहिरातीचे पैसे घेऊन ती छापून टाकणे सोपे असते. पण आपल्या मासिकात छापलेल्या गोष्टीवर घरातल्या आजीपासून नातीपर्यंत सगळ्या विश्वास ठेवतात. तिसऱ्या ओळीवर विसंबून एखाद्या खालाने साखरेची गोळी बंद केली, तर त्याचा जाब आम्हालाही द्यावा लागेल. म्हणून आम्ही वर्गाच्या मॅडमना फोन केला आणि मूळ फोटो व हजेरीची वही बघायला मागितली. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत, हे त्यांच्या बाजूने आधीच सांगून ठेवतो.

सुरुवात 18 किलोच्या आकड्याने केली. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे 7,700 कॅलरी. 18 किलोंच्या होतात 1 लाख 38 हजार 600, आणि त्या 90 दिवसांत विभागल्या की रोजची तूट 1,540 कॅलरींची येते. घरकाम करणाऱ्या, थोड्या जाड बाईच्या शरीराला दिवसभरात साधारण 1,800 ते 2,000 कॅलरी लागतात. म्हणजे व्यायाम थोडा जमेस धरला, तरी तीन महिने तिने जवळपास उपाशीच राहायला हवे. वजनात पाणीही असते, त्यामुळे हा हिशोब तंतोतंत नसतो आणि एवढ्यावरून कुणाला खोटे ठरवता येत नाही. पण मूळ कागद मागण्याइतकी शंका त्यातून नक्की येते.

कागदांतून उलगडले ते असे. ‘आधी’चा फोटो त्या बहिणीने स्वतःच दिलेला, तिच्या बाळाच्या अकीक्याच्या दिवशीचा. म्हणजे बाळंतपणानंतरचा सातवा दिवस! गर्भाशय पूर्ववत व्हायला साधारण सहा आठवडे लागतात, तेव्हा सातव्या दिवशी पोट मोठे दिसणारच. त्याखाली लिहिलेले 79 किलो वजन तर त्याहूनही आधीचे, दवाखान्याच्या कार्डावरचे, नवव्या महिन्यातले. त्यात बाळ, वार आणि अंगावरचे पाणी हे सगळे आले. ती वर्गात आली तेव्हा बाळ पाच महिन्यांचे होते, आणि वहीत पहिल्या दिवशीचे वजन 68 किलो आहे. तीन महिन्यांनंतरचे 61. म्हणजे 18 पैकी 11 किलो वर्गाचे तोंड पाहण्याआधीच उतरले होते. वर्गाचे श्रेय 7 किलोंचे.

खरे तर 90 दिवसांत 7 किलो ही फार चांगली गोष्ट आहे. आम्ही मॅडमना तेच म्हटले, की खरा आकडा एवढा चांगला असताना दुसरा कशाला लावलात? त्या म्हणाल्या, “बाकी सगळे वीस-वीस किलो लिहितात, माझे सात कोण वाचणार?” या प्रश्नाला आमच्याकडे झटपट उत्तर नव्हते.

दुसरी जोडी, ‘पोट गायब’वाली, आम्हाला जास्त शिकवून गेली. दोन्ही फोटो वर्गाच्याच हॉलमध्ये, एकाच भिंतीसमोर काढलेले. त्या बहिणीच्या डोक्याच्या वर भिंतीवरचे गोल घड्याळ दिसते. ‘नंतर’च्या फोटोत ते गोल आहे, ‘आधी’च्या फोटोत मात्र आडवे, अंड्यासारखे. पट्टी लावून मोजले तर रुंदी 23 मिलिमीटर आणि उंची 20. म्हणजे तो फोटो आडवा ताणला गेला होता, सुमारे 15 टक्क्यांनी, आणि घड्याळाबरोबर बाईची कंबरही तेवढीच रुंद झाली होती. मोबाइलच्या रुंद लेन्सने कडेच्या वस्तू अशाच फाकतात, म्हणून आम्ही घड्याळावरच थांबलो नाही. मध्यभागी, तिच्या पायांजवळच्या चौकोनी लाद्याही मोजल्या. त्याही तितक्याच आडव्या निघाल्या. मूळ फोटो पाहिला तर तो सरळच होता. जाहिरात बनवणाऱ्या मुलाने चौकटीत बसवण्यासाठी तो ओढला होता, मॅडमना पत्ताही नव्हता. फसवायचा हेतू नसतानाही फसवणूक होते ती अशी.

ताण काढून दोन्ही फोटो शेजारी ठेवले तरी फरक उरला, पण त्यातही सगळा फरक पोटाचा नव्हता. ‘आधी’ ती बाजूने उभी, खांदे पडलेले, ढगळ मॅक्सीत, दुपारच्या जेवणानंतर. ‘नंतर’ समोरून, ताठ, गडद रंगाच्या अंगासरशी कुर्त्यात. असे फोटो एकाच दिवशी तासाभराच्या अंतराने काढले तरी दोन वेगळ्या बायका वाटतील. जोडी जुळवायची तर अंतर तेच, कॅमेऱ्याची उंची तीच, उजेड, कपडे आणि उभे राहण्याची पद्धतही तीच हवी, आणि शक्यतो सकाळची अनाशेपोटीची वेळ. कंबर मोजायची तर शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सहज सोडून झाल्यावर. टेप दोन बोटे खाली सरकली की आकडा बदलतो. या बहिणीची कंबर वहीत दोन्ही वेळा मोजलेली होती. 4 सेंटिमीटर कमी. पोट गायब झाले नव्हते, थोडे उतरले होते.

तारखेबद्दलही एक गोष्ट. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातून ते काढल्याची तारीख साधारणतः गळून जाते. म्हणून आम्ही मूळ फोनमध्येच फोटो उघडून तारीख पाहिली. ज्यांना लांबून तपासायचे असेल, त्यांनी मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवावी.

तिसऱ्या जोडीतल्या खालांशी आमच्या सहकारी बहीण घरी जाऊन बोलल्या. त्यांच्या साखरेच्या गोळ्या सुटलेल्या नाहीत. दोनपैकी एक गोळी डॉक्टरांनी कमी केली आहे, तीही गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए1सी तपासणी करून. दर तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगितले आहे. “मुक्ती कसली बाय, आंबा अजून मोजून खातंय,” असे खाला म्हणाल्या. त्याहून वाईट म्हणजे त्यांचा फोटो वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून परस्पर उचललेला होता. काळ्या पट्टीचा काय उपयोग? मॅक्सी, बांगड्या आणि मागचा झोपाळा पाहून सगळा मोहल्ला ओळखतो. तिन्ही ‘आधी’ फोटोंवर ‘गोलमटोल’ असा शब्दही छापला होता. एकमेकांना टोपणनावे ठेवून हिणवू नका, असे सूरह अल-हुजुरातमध्ये सांगितलेले आपण मुलांना शिकवतो, आणि इथे पैसे भरून आलेल्या बहिणींनाच नाव ठेवले जात होते.

एवढ्यावर तीन फोटोंचा विषय संपत होता. पण आम्हाला जे सर्वांत महत्त्वाचे वाटले, ते कुठल्याच फोटोत नव्हते. वहीत त्या खेपेला 54 बायकांची नावे होती. तीन महिने पूर्ण केले 31 जणींनी. त्या 31 जणींना कमी झालेल्या वजनाप्रमाणे ओळीत उभे केले, तर बरोबर मधल्या, सोळाव्या बहिणीचे साडेतीन किलो कमी झाले होते. चौघींचे थोडे वाढले होते. सर्वांत जास्त फरक 7 किलोंचा, तोच जाहिरातीत 18 होऊन बसला होता. नवीन येणाऱ्या बाईला आपण त्या मधल्या बहिणीसारख्या असू, असेच धरून चालायला हवे. अमेरिकेत 2009 साली यासाठी नियम बदलला. उत्तम ग्राहकाचा दाखला द्यायचा आणि खाली ‘सर्वांना असे होत नाही’ असे लिहून मोकळे व्हायचे, हे तिथे चालेनासे झाले. साधारणपणे किती फरक पडतो, ते सांगावे लागते.

आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची 2022 सालची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि ठळक दिसेल असा हवा, आणि त्याने दाव्यातली महत्त्वाची गोष्ट लपवू नये, असे ती सांगतात. मराठी जाहिरातीखालची ती इंग्रजी मुंगी इथेच बाद होते. मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. चरबी गोठवून कमी करणाऱ्या यंत्राच्या जाहिरातींवरून याच प्राधिकरणाने व्हीएलसीसी कंपनीला 2025 साली 3 लाख रुपयांचा दंड केला. एका बैठकीत 600 ग्रॅम आणि 7 सेंटिमीटर, असे दावे त्यात होते, आणि यंत्राची परवानगी मात्र शरीराच्या ठराविक भागांवरचा फुगवटा कमी करण्यापुरती होती. त्याआधी मुंबईच्या काया कंपनीलाही तेवढाच दंड झाला. तिथे ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या चित्रांवरच आक्षेप होता, कारण त्यांत साऱ्या अंगाची चरबी उतरलेली दाखवली होती. अशी जाहिरात दिसली तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करता येते.

मॅडमना आम्ही हे कायदे सांगितले, पण त्यांना पटले ते दुसऱ्याच गोष्टीने. बाजारात धान्याच्या ढिगात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हात घातला, आतले धान्य ओले लागले, विक्रेता म्हणाला पावसाने भिजले, तेव्हा मग ते वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे त्याला विचारले गेले. हा प्रसंग त्यांनी लहानपणी मदरशात ऐकलेला होता. पावसाने भिजणे हा त्या माणसाचा दोष नव्हता, तसे बाळंतपणानंतर वजन उतरणे हाही कुणाचा दोष नाही. कोरडे तेवढे वर ठेवणे हा दोष.

नवी जाहिरात लिहायला दोन दुपारी लागल्या. खालांची जोडी आम्ही काढायला लावली आणि मॅडमनी स्वतः जाऊन त्यांची माफी मागितली. कंबरेच्या जोडीतल्या बहिणीने परवानगी दिली होती, पण सरळ केलेले फोटो पाहून ती म्हणाली, नकोतच. उरली पहिली बहीण. तिच्याकडे वर्गाच्या पहिल्या दिवशीचा, 68 किलोंचा एक फोटो सापडला, पण घरच्यांशी बोलून तिनेही चेहरा-अंग काहीच छापू नका, आकडे छापा, असे कळवले. त्यामुळे या अंकात जाहिरात फोटोंशिवाय आहे. मजकूर असा: ‘मागच्या खेपेला 54 जणी आल्या, 31 जणींनी तीन महिने पूर्ण केले. त्यांतील निम्म्या जणींचे साडेतीन किलो किंवा जास्त वजन कमी झाले. सर्वांत जास्त 7 किलो, एका बहिणीचे, बाळंतपणानंतर पाचव्या महिन्यापासून. चौघींचे वाढले. साखर किंवा रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.’

जाहिरात छापायला जाण्याआधी मॅडमचा एकदा फोन आला. ‘चौघींचे वाढले’ हे वाक्य काढता येईल का, असे त्यांनी विचारले. आम्ही म्हटले, तुमची जाहिरात आहे, तुम्ही ठरवा, पण मग वरचे वाक्यही काढावे लागेल. थोडा वेळ त्या गप्प होत्या, मग म्हणाल्या, राहू दे.